कंट्रोल गट हार्डी-वाइनबर्गला जुळत नाही: एसीई आय/डी जीनोटायपिंगमध्ये हेटेरो कुठे हरवतात आणि ते कसे शोधायचे

नाशिकमधल्या एम.एस्सी., एम.डी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची जीनोटाइपची कोष्टकं तपासणीसाठी माझ्याकडे येतात. त्यात एक बिघाड पुन्हा पुन्हा दिसतो. अभ्यास रक्तदाबाचा असो, मधुमेहातल्या किडनीच्या त्रासाचा असो की हृदयविकाराचा, जीन बहुतेकदा एसीई असतो आणि बदल त्यातला आय/डी: I प्रतीत डीएनएचा एक जादा तुकडा असतो, D प्रतीत तो नसतो. तो निवडला जातो याचं कारण सरळ आहे: एक पीसीआर, एक जेल, महागडं यंत्र लागत नाही. पण नेमका हाच बदल असा आहे की तो सहज चुकीचा वाचला जातो. ही चूक हार्डी-वाइनबर्गच्या चाचणीत पकडली जाते आणि पकडली गेल्यावर तिचं काय करायचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून तपासणीचा क्रम इथे लिहिते. आधी फुकटच्या तपासण्या, मग थोड्या खर्चाच्या, शेवटी महाग.

लक्षणं

पुढच्यापैकी एखादी गोष्ट दिसत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

कंट्रोल गटात हेटेरोझायगोट, म्हणजे ID, अपेक्षेपेक्षा कमी आणि DD जास्त. चाचणीचं पी-मूल्य ०.०५च्या खाली, कधी कधी फारच खाली. केस गट मात्र व्यवस्थित जुळतो. DD आजारापासून ‘संरक्षण’ देतो किंवा आजार वाढवतो असा निकाल येतो, पण तो फक्त ‘DD विरुद्ध बाकी सगळे’ या तुलनेतच. जेलवर काही लेनमध्ये खालचा बँड ठळक आणि वरचा असून नसल्यासारखा. आणि बहुतेक वेळा सोबत हा प्रश्न: “मॅडम, जुळत नाहीत ती पाच-दहा सॅम्पल काढून टाकली तर चालेल का?”

चालणार नाही. कोणती सॅम्पल काढायची हे निकाल पाहून ठरवलं की चाचणी पास होते, पण अभ्यासातून काहीच सिद्ध होत नाही.

चाचणी नेमकं काय विचारते

इंग्लंडमधले गणिती हार्डी आणि जर्मनीतले डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ साली स्वतंत्रपणे मांडलेला हिशोब असा: लोकांमध्ये जोडीदार या जीनकडे पाहून निवडले जात नसतील, गट मोठा असेल आणि बाहेरून मिसळ होत नसेल, तर दोन ॲलीलच्या प्रमाणावरून तीन जीनोटाइपचं प्रमाण ठरतं. I चं प्रमाण p आणि D चं q असेल तर II = p², ID = 2pq, DD = q². कंट्रोल गटातली मोजणी या अपेक्षेशी ताडून पाहायची.

पुढचे आकडे समजावण्यासाठी मीच रचले आहेत, पण अशी कोष्टकं प्रत्यक्षात कशी दिसतात त्याच धर्तीचे आहेत. २०० कंट्रोल: II ७०, ID ७६, DD ५४.

I ची संख्या ७०×२ + ७६ = २१६. एकूण ॲलील ४००. म्हणून p = ०.५४, q = ०.४६. अपेक्षित II ५८.३२, ID ९९.३६, DD ४२.३२. हेटेरो ९९ असायला हवे होते, सापडले ७६. काय-स्क्वेअर ११.०५, पी-मूल्य साधारण ०.०००९. हा फरक योगायोगावर सोडून देण्याइतका लहान नाही.

१. आधी शीट उघडा

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. रिकामी राहिलेली घरं कुणी ‘DD’ धरली आहेत का? जेलवर काहीच न आलेल्या लेनला ‘वरचा बँड नाही’ असं वाचून DD लिहिलं जातं, आणि तसं झालं असेल तर बिघाड इथेच सापडतो. तीच व्यक्ती दोनदा आली आहे का? कंट्रोल गोळा करताना रक्तदान शिबिरात भाऊ-भाऊ, काका-पुतणे एकत्र येतात. नातेवाईकांचे जीनोटाइप एकमेकांपासून स्वतंत्र नसतात आणि चाचणी मात्र स्वतंत्र माणसं गृहीत धरते. आडनाव, गाव आणि शिबिराची तारीख एकाखाली एक लावून पाहिलं तर अशा जोड्या बऱ्याचदा डोळ्यांना दिसतात. मग व्यक्तीला किंवा नोंदणी करणाऱ्याला विचारून खात्री करा आणि प्रत्येक कुटुंबातून एकच व्यक्ती ठेवा. कोणती ठेवायची हे जीनोटाइप न पाहता ठरवा, उदाहरणार्थ नोंदणी क्रमांक लहान असेल ती.

२. मग गणित

एक्सेलमध्ये `CHISQ.TEST` वापरलं असेल तर उत्तर चुकलेलं आहे. एका ओळीत तीन घरं दिली की ते फंक्शन दोन मुक्तिमात्रा धरतं. इथे मात्र मुक्तिमात्रा एकच असते. तीन वर्गांतून एक एकूण संख्येसाठी गेली, आणि p आपण त्याच मोजणीतून काढला म्हणून आणखी एक गेली. काय-स्क्वेअर स्वतः काढा आणि मग

```
=CHISQ.DIST.RT(काय_स्क्वेअर,1)
```

वापरा. सीमेवरच्या आकड्यांत याने निकालच बदलतो. काय-स्क्वेअर ४.६ असेल तर एका मुक्तिमात्रेने पी-मूल्य ०.०३२ येतं, दोनने ०.१०. म्हणजे ‘संतुलनात आहे’ असं लिहिलेल्या काही प्रबंधांत ते खरं नसतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे माणसांच्या संख्येऐवजी टक्केवारी घालणं. २०० माणसांचा अभ्यास टक्क्यांत मोजला की तो १०० माणसांचा होतो आणि काय-स्क्वेअर निम्मा.

एखाद्या वर्गात अपेक्षित संख्या ५च्या खाली असेल तर काय-स्क्वेअर सोडून एक्झॅक्ट चाचणी करा. दुर्मिळ ॲलीलच्या अभ्यासात हे कायमच लागतं. आर येत असेल तर दोन्ही एकदम होतात:

```r
library(HardyWeinberg)
x <- c(AA = 70, AB = 76, BB = 54)
HWChisq(x, cc = 0)
HWExact(x)
```

आपल्या उदाहरणात सर्वांत लहान अपेक्षित संख्या ४२ आहे, त्यामुळे दोन्ही चाचण्या एकच गोष्ट सांगतात.

३. केस आणि कंट्रोल वेगळे केले आहेत का?

मुख्य चाचणी कंट्रोलवर करायची. जीनचा आजाराशी खरा संबंध असेल तर रुग्णांमध्ये प्रमाण बिघडणं साहजिक आहे. जिल्ह्यातल्या सिकलसेलच्या रुग्णांना ‘केस’ म्हणून घेतलं आणि त्यांच्या हिमोग्लोबिनच्या जीनवर ही चाचणी लावली, तर ती नापास होणारच, कारण दोन्ही प्रती सदोष असल्याशिवाय सहसा माणूस रुग्ण म्हणून आपल्यापर्यंत पोचत नाही. केस आणि कंट्रोल एकत्र करून चाचणी केली असेल तर आधी ते वेगळे करा.

एसीई १७व्या क्रोमोझोमवर आहे, त्यामुळे स्त्री-पुरुष एकत्र मोजता येतात. जी६पीडीसारखा एक्स क्रोमोझोमवरचा जीन असेल तर चाचणी फक्त स्त्रियांवर करा. पुरुषांकडे एकच प्रत असते, तो हेटेरो असूच शकत नाही, आणि शीटमध्ये सगळे पुरुष होमो म्हणून चढतात. जीएसटीएम१ किंवा जीएसटीटी१ची ‘आहे/नाही’ पद्धतीची पीसीआर केली असेल तर ही चाचणी लागूच होत नाही. त्या पद्धतीत एक प्रत असलेला आणि दोन प्रती असलेला माणूस सारखाच दिसतो, मग हेटेरो मोजणार कसे? तरीही अशा अभ्यासात हार्डी-वाइनबर्गचं पी-मूल्य छापलेलं दिसतं.

४. फरक किती मोठा आहे आणि तो लोकांमुळे असू शकतो का?

हेटेरोंची तूट एका आकड्यात मांडा: F = 1 − (सापडलेले हेटेरो ÷ अपेक्षित हेटेरो). आपल्या उदाहरणात 1 − ७६/९९.३६ = ०.२३५. F धन आला की हेटेरो कमी, ऋण आला की जास्त. या आकड्याचा उपयोग असा की तो लोकसंख्येच्या कारणांना मर्यादा घालून देतो.

प्रत्येक वेळी ऐकू येणारं पहिलं स्पष्टीकरण म्हणजे “आपल्याकडे नात्यात लग्नं होतात.” होतात. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात अनेक समाजांत चालतं. पण आते-मामे भावंडांच्या मुलांमध्ये F ची भर पडते १/१६, म्हणजे ०.०६२५. तुमच्या कंट्रोलमधला एकूण एक माणूस अशा लग्नातून जन्मलेला असता तरी हेटेरो ९९ वरून ९३ वर आले असते. ७६ वर नाही.

दुसरं स्पष्टीकरण मिश्र लोकसंख्येचं. नाशिकमध्ये ते विचारात घेतलंच पाहिजे. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत शिबिर घेतलं तर खानदेश, मराठवाडा, उत्तर प्रदेश, बिहार इथून आलेली माणसं एका रांगेत असतात. पेठ-सुरगाण्यातून कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाचे लोक, मालेगावातून आणखी वेगळे. वेगवेगळ्या प्रमाणाचे दोन गट एकत्र मोजले की हेटेरो कमी दिसतात, मग प्रत्येक गट आपापल्या जागी संतुलनात का असेना. पण किती कमी? F ०.२३५ होण्यासाठी, दोन गट समसमान धरले, तर एका गटात D सुमारे २२ टक्के आणि दुसऱ्यात ७० टक्के हवा. एसीईच्या बाबतीत शेजारच्या तालुक्यांमध्ये एवढी दरी असणं पटण्यासारखं नाही. लोकांवर खापर फोडण्याआधी हा हिशोब करा. F ०.०३-०.०६ असता तर मी लोकसंख्येकडे वळले असते आणि जन्मस्थान, मातृभाषा, समाज यानुसार वेगळ्या मोजण्या मागितल्या असत्या. ०.२३ आला की मी प्रयोगशाळेकडे वळते.

उलट दिशेची खूणही सांगते. F ठळकपणे ऋण, म्हणजे हेटेरो जास्त, असेल तर सॅम्पल एकमेकांत मिसळली आहेत, किंवा एन्झाइमने कापायच्या पद्धतीत कापणी अर्धवट झाली आहे, किंवा प्रायमर जीनोममध्ये दुसऱ्याच एखाद्या सारख्या जागेलाही चिकटतो आहे.

५. हेटेरो कुठे गेले ते खेपांच्या कोष्टकात दिसतं

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून थोडं थांबून सांगते. आपल्या कोष्टकात II अपेक्षेपेक्षा ११.६८ ने जास्त आहेत आणि DD सुद्धा बरोबर ११.६८ ने जास्त. पाहणाऱ्याला वाटतं की हेटेरो दोन्ही बाजूंना सारखे गेले. तसं काही सिद्ध होत नाही. p आपण याच मोजणीतून काढला आहे, त्यामुळे जादा संख्या दोन्ही होमोंमध्ये नेहमी समान वाटली जाते, चूक एकाच बाजूला झाली असली तरी. म्हणजे एकट्या कोष्टकावरून दोषी बाजू कळत नाही.

ती कळते खेपा वेगळ्या केल्यावर. शीटमध्ये सॅम्पल कधी गोळा झालं, डीएनए कधी आणि कोणत्या पद्धतीने काढला, पीसीआर कुणी केली आणि जेल कुणी वाचलं हे रकाने असायला हवेत. नसतील तर वहीतून भरून घ्या. आपल्या उदाहरणातले कंट्रोल दोन प्रकारचे आहेत असं समजा. ११० जणांचं रक्त ताजं घेऊन त्याच आठवड्यात डीएनए काढला. ९० जणांचं जुन्या शिबिरातलं, बराच काळ फ्रीजरमध्ये, मधे वीज जाऊन वितळून पुन्हा गोठलेलं.

ताजी खेप: II ३८, ID ५०, DD २२. अपेक्षित ID सुमारे ५४. काय-स्क्वेअर ०.५६. काही तक्रार नाही.

जुनी खेप: II ३२, ID २६, DD ३२. अपेक्षित ID ४५. काय-स्क्वेअर १६.०.

आता टक्के पाहा. II ताज्या खेपेत ३५ टक्के, जुन्या खेपेत ३६. जवळपास हललेलाच नाही. DD मात्र २० वरून ३६ टक्क्यांवर. हेटेरो DD मध्ये गेले आहेत, II मध्ये नाहीत, आणि गेले आहेत ते जुन्या रक्तात. एकही रुपया न खर्चता आपण चुकीची दिशा आणि जागा दोन्ही शोधली.

६. असं का होतं

एसीईच्या १६व्या इन्ट्रॉनमध्ये २८७ बेसपेअरचा एक अलू तुकडा असतो किंवा नसतो. नेहमीच्या प्रायमरने I चा बँड ४९० बेसपेअरवर येतो, D चा १९० वर. एकाच नळीत लांब आणि आखूड तुकडा वाढायला लागले की आखूड पुढे निघतो. डीएनए तुटका असेल तर आणखीनच, कारण ४९० बेसपेअरचा अखंड साचा कमी प्रतींमध्ये शिल्लक असतो. ID माणसाच्या लेनमध्ये मग १९० चा बँड चमकतो, ४९० चा दिसत नाही, आणि वाचणारा DD लिहितो. II माणसाला आखूड तुकडाच नाही, म्हणून तो DD म्हणून वाचला जात नाही. फार तर बँड येत नाही. एसीईच्या हेटेरोंची ही चूक १९९३ पासून शोधनिबंधांत नोंदलेली आहे, तरी दुसरी पीसीआर न करता आजही अभ्यास होतात.

जेलचे फोटो पुन्हा काढा आणि DD लिहिलेल्या प्रत्येक लेनमध्ये ४९० च्या जागी अंधुक छाया आहे का ते पाहा. चांगल्या ID लेनमध्ये ४९० च्या किंचित वर एक तिसरा फिका बँडही दिसतो. I आणि D च्या धाग्यांची मिश्र जोडी बनून तो येतो. तो दिसला की माणूस हेटेरो आहे याला दुजोरा मिळतो, पण तो नसला म्हणून DD ठरत नाही. फोटो वाचायला अशा दोन व्यक्तींना बसवा ज्यांना केस कोण आणि कंट्रोल कोण हे माहीत नाही. दोघांचं जिथे जुळत नाही त्या सॅम्पलवर खूण करा. निकाल अजून बदलू नका. अंधुक छाया हा पुरावा नाही, पुढच्या तपासणीचं कारण आहे.

७. दुसरी पीसीआर

इथपासून पैसे लागतात. फक्त I मध्येच असलेल्या अलू तुकड्याला चिकटणारा प्रायमर घेऊन DD लिहिलेली सगळी सॅम्पल पुन्हा चालवा. I असेल तर ३३५ बेसपेअरचा बँड येतो, खरा DD असेल तर काहीच येत नाही. पहिल्या पीसीआरमध्ये ५ टक्के डीएमएसओ घातल्यानेही I चा बँड सुधारतो, पण मी त्यावर एकट्यावर विसंबून राहात नाही.

तीन गोष्टी सांभाळा.

खरा DD इथे ‘बँड नाही’ म्हणून ओळखला जातो, आणि फसलेली पीसीआरही तशीच दिसते. म्हणून प्रत्येक खेपेत खात्रीचं एक ID आणि एक II सॅम्पल, एक खात्रीचं DD, आणि एक पाण्याची नळी हवीच. ID सॅम्पल तुमच्या जुन्या खेपेच्या दर्जाचं असेल तर उत्तम. चांगल्या डीएनएवर चालणारी पीसीआर तुटक्या डीएनएवर चालेलच असं नाही.

दुसरं, केस गटातले DD पण चालवा. फक्त नापास झालेल्या कंट्रोल गटालाच दुरुस्त केलं तर दोन गटांना वेगळं माप लागतं आणि त्यातून नवाच खोटा फरक तयार होतो. सॅम्पलना नवे क्रमांक द्या, म्हणजे वाचणाऱ्याला गट कळणार नाही.

तिसरं, II आणि ID मधलीही साधारण दहा टक्के सॅम्पल यादृच्छिक निवडून पहिली पीसीआर पुन्हा करा. तुमची शंका DD वर आहे हे खरं, पण दुसरीकडे चूक नाही हे दाखवायला तेवढं लागतं.

उदाहरण पुढे नेऊ. कंट्रोलमधल्या ५४ DD पैकी १५ मध्ये ३३५ चा बँड आला: ताज्या खेपेतले २, जुन्या खेपेतले १३. नवं कोष्टक II ७०, ID ९१, DD ३९. D चं प्रमाण ०.४६ वरून ०.४२ वर आलं. अपेक्षित ID ९७.६, काय-स्क्वेअर ०.९१, पी-मूल्य ०.३४.

आता याचा मूळ प्रश्नावर काय परिणाम झाला ते पाहा. केस गटही २००चा होता, सगळं रक्त ताजं: II ६८, ID ९६, DD ३६. तपासणीआधी DD कंट्रोलमध्ये २७ टक्के, केसमध्ये १८. ऑड्स रेशो ०.५९, पी-मूल्य ०.०३. ‘DD संरक्षण देतो’ असा निष्कर्ष लिहून तयार. दुसऱ्या पीसीआरमध्ये केसमधले ३ DD सुद्धा ID निघाले. आता कंट्रोल ३९, केस ३३. ऑड्स रेशो ०.८२, पी-मूल्य ०.४ च्या पुढे. संरक्षण देणारा जीन नव्हताच. फ्रीजरमधल्या रक्ताचा फरक होता.

चाचणी पास झाली तरी

चाचणीला किती कमी दिसतं हे लक्षात घ्या. काय-स्क्वेअर म्हणजे माणसांची संख्या × F². २०० कंट्रोल असतील तर पी-मूल्य ०.०५ च्या खाली जायला F किमान ०.१४ हवा, म्हणजे शंभर हेटेरोंमागे चौदा हरवायला हवेत. ५० कंट्रोल असतील तर २८. शंभरात पाच हेटेरो चुकले तर २०० जणांच्या अभ्यासात ही चाचणी गप्प बसते. त्यामुळे एसीई आय/डीच्या अभ्यासात DD ची दुसरी पीसीआर मी कायम करायला सांगते, हार्डी-वाइनबर्ग जुळो वा न जुळो.

याच्या उलट, जीन जास्त असतील तर काही निव्वळ योगायोगाने नापास होतात. २० बदल तपासले तर ०.०५ च्या उंबरठ्यावर सरासरी एक उगाचच अडकतो. तिथे उंबरठा ०.०५/२० = ०.००२५ असा घ्यायचा. लाखो बदल तपासणाऱ्या जीनोमव्यापी अभ्यासात कंट्रोलसाठी 1e-6 च्या आसपासचा उंबरठा वापरतात. तुमचा कोणता असेल ते प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

दुसरी पीसीआर करूनही जुनी खेप जुळत नसेल, तर तिथे आणखी पीसीआर करत बसू नका. डीएनए संपतो आणि हाती काही लागत नाही. दहा-वीस सॅम्पल, ज्यांत दोन्ही पीसीआरचा निकाल वेगळा आला ती आणि काही जुळलेलीही, अशा प्रयोगशाळेत पाठवा जिथे दुसऱ्या जागचे प्रायमर वापरून सँगर सिक्वेन्सिंग करून मिळेल. प्रायमर बसण्याच्या जागीच एखादा बदल असेल तर तो तुमच्या प्रायमरने कधीच दिसणार नाही.

डीएनए इतका तुटका असेल की खात्रीच्या ID सॅम्पललाही ३३५ चा बँड येत नाही, तर ती खेप वाचवण्याचा प्रयत्न सोडा. संपूर्ण खेप वगळा, तिच्यातली निवडक सॅम्पल नव्हे. त्या व्यक्तींकडून पुन्हा रक्त घ्यायचं असेल तर आधी नैतिकता समितीकडे जा. जुन्या संमतीपत्रात पुन्हा संपर्क करण्याची परवानगी असतेच असं नाही.

तंत्र ठीक असल्याची खात्री झाली आणि तरी तूट उरली, किंवा कंट्रोलमध्ये एकाच पाड्यातली, नात्यातली माणसं बरीच असतील, तर लोकसंख्या-जनुकशास्त्र जाणणाऱ्या सांख्यिकीतज्ज्ञाला बोलवा. नातेसंबंध आणि मिश्रण धरून केलेलं विश्लेषण एक्सेलच्या आवाक्यातलं नाही. आणि जीनोटाइपचा निकाल रुग्णाच्या उपचारासाठी कुणी वापरणार असेल, तर अशा दुरुस्त केलेल्या संशोधन शीटवरून तो देऊ नका. वैद्यकीय जनुकीय तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे ते काम सोपवा.

प्रबंधात कसं लिहायचं

‘विचलन आढळले, ते दुरुस्त केले’ एवढ्याने भागत नाही. वाचणाऱ्याला तुमचा हिशोब पुन्हा करता आला पाहिजे. मी साधारण असा परिच्छेद लिहून घेते:

“कंट्रोल गटात (२००) सुरुवातीची मोजणी II ७०, ID ७६, DD ५४ अशी होती व ती हार्डी-वाइनबर्ग संतुलनापासून विचलित होती (काय-स्क्वेअर ११.०५, मुक्तिमात्रा १, F ०.२४). विचलन साठवलेल्या रक्ताच्या खेपेत (९०) केंद्रित होते. सर्व DD सॅम्पल, केस ३६ व कंट्रोल ५४, गट न कळवता I-विशिष्ट पीसीआरने पुन्हा तपासली. अनुक्रमे ३ व १५ सॅम्पल ID ठरली. एकही व्यक्ती वगळली नाही. दुरुस्तीनंतर कंट्रोल संतुलनात होते (काय-स्क्वेअर ०.९१). मुख्य विश्लेषण दुरुस्त जीनोटाइपवर केले. फक्त ताज्या खेपेवरचे विश्लेषण स्वतंत्रपणे दिले आहे.”

यातलं शेवटचं वाक्य परीक्षक हमखास विचारतात, म्हणून ते विश्लेषण आधीच करून ठेवा: जुनी खेप पूर्ण बाजूला ठेवून, ११० कंट्रोल आणि २०० केस. निकाल त्याच दिशेला राहिला तर दुरुस्तीवरचा विश्वास वाढतो.

विचलनाचं कारण सापडलंच नाही तर तेही आकड्यांसह लिहा, आणि ॲलीलची मोजणी करणारी तुलना टाळा. ती तुलना प्रत्येक माणसाचे दोन ॲलील स्वतंत्र धरते, म्हणजे संतुलन गृहीतच धरते. त्याऐवजी जीनोटाइपवर आधारित कोक्रन-आर्मिटेज ट्रेंड चाचणी वापरा. तिला संतुलनाची अट लागत नाही. चुकीचे वाचलेले जीनोटाइप मात्र तीही दुरुस्त करत नाही.

आणि जेलचे मूळ फोटो, दोन्ही वाचकांच्या सह्यांच्या नोंदी आणि दुरुस्तीआधीची शीट जपून ठेवा. दुरुस्त शीट वेगळ्या नावाने साठवा, जुनीवर नाही. तोंडी परीक्षेत “हे १५ बदलले कशावरून?” असं विचारलं जाईल तेव्हा त्या पंधरा लेनचे फोटो समोर ठेवता आले पाहिजेत.